पॅरिसमधला अ‍ॅरिस्टॉटल : बंदीपासून अभ्यासक्रमापर्यंत

१२१० साली पॅरिसमध्ये बिशपांची एक धर्मसभा भरली. सांस प्रांताचे आर्चबिशप कॉर्बेयचे पीटर तिचे अध्यक्ष होते. समोर प्रकरण होते आमाल्रिक नावाच्या एका अध्यापकाचे. तो चार-एक वर्षांपूर्वीच वारला होता, पण त्याचे अनुयायी पाखंड पसरवत असल्याचा आरोप होता. सभेने आमाल्रिकचे प्रेत थडग्यातून उकरून पवित्र भूमीबाहेर टाकायला लावले. त्याच्या काही अनुयायांना जिवंत जाळण्यात आले. दिनांचा डेव्हिड नावाच्या दुसऱ्या एका विद्वानाच्या वह्या नाताळच्या आत बिशपकडे आणून द्याव्यात आणि त्या जाळाव्यात, असे ठरले. याच निकालपत्रात आणखी एक वाक्य होते : अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ आणि त्यांवरची भाष्ये पॅरिसमध्ये उघडपणे किंवा गुपचूप शिकवली जाऊ नयेत, शिकवणाऱ्याला धर्मबहिष्कृत केले जाईल.

यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९ मार्च १२५५ रोजी, त्याच पॅरिसमधल्या अध्यापकांनी एक नियमपत्रक काढले. कोणता ग्रंथ किती आठवडे शिकवायचा, याचे ते वेळापत्रक होते. बंदी असलेले जवळजवळ सगळे ग्रंथ त्यात होते आणि आता ते सक्तीचे झाले होते.

या पंचेचाळीस वर्षांत चर्चची मते फारशी सैल झालेली नव्हती. बदलली होती ती शिकवणाऱ्यांची ताकद. एकेकटा अध्यापक बिशपपुढे टिकत नव्हता, पण अध्यापकांचा संघ टिकला. मध्ययुगीन युरोपातले विद्यापीठ म्हणजे मुळात हा संघच. तो कसा उभा राहिला आणि अरबीतून व ग्रीकमधून भाषांतरित झालेली पुस्तके त्याच्या हाती कशी लागली, हे पाहिले तर त्या काळच्या शिक्षणाची सगळी घडण समजते.

बाराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवण्याचा अधिकार नोत्र दाम कॅथेड्रलच्या चान्सलरकडून मिळत असे. हा चान्सलर म्हणजे बिशपच्या कचेरीतला अधिकारी. तो परवाना देई आणि मग अध्यापक सीन नदीवरच्या पुलांवर किंवा नदीच्या डाव्या काठावर भाड्याची खोली घेऊन शिकवायला बसे. विद्यार्थी त्यालाच फी देत. शाळेची स्वतःची इमारत नाही, जमीन नाही, ग्रंथालय नाही. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने परवान्यासाठी पैसे घेऊ नयेत आणि लायक माणसाला तो नाकारू नये असा नियम केला, त्यावरून प्रत्यक्षात काय चालत असावे ते कळते. चान्सलरच्या लहरीला तोंड द्यायचे तर एकत्र येणे भाग होते. शहरातले कातडी कमावणारे, सुतार, सोनार जसे आपापले संघ करून आपले नियम ठरवत, तसेच अध्यापकांनी केले. कोण शिकवू शकेल, पोशाख कसा असावा, मेलेल्या सहकाऱ्याच्या अंत्ययात्रेला कोणी जायचे, हे सगळे संघ ठरवू लागला. परवाना चान्सलर देईल, पण आपल्यात घ्यायचे की नाही ते आम्ही ठरवू, अशी ती भूमिका होती.

इटलीतल्या बोलोन्यात उलटे घडले. तिथे रोमन कायद्याचा अभ्यास चाले. विद्यार्थी वयाने मोठे, सुखवस्तू आणि बहुतेक परगावचे असत. परक्या माणसाला त्या शहरात कायद्याचे संरक्षण जवळजवळ नव्हते. घरमालक भाडे वाढवत, एकाचे कर्ज त्याच्या गाववाल्याकडून वसूल होई. म्हणून तिथे संघ केला तो विद्यार्थ्यांनी, आणि अध्यापक त्यांचे नोकर झाले. चौदाव्या शतकातल्या नियमांनुसार अध्यापकाने घंटा होताच शिकवायला सुरुवात करायची आणि पुढची घंटा होताच थांबायचे, नाहीतर दंड. त्याच्या तासाला पाच विद्यार्थीही आले नाहीत, तर तो गैरहजर होता असे धरून दंड होई. गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून पैसे ठेवावे लागत. बोलोन्या आपली स्थापना १०८८ साली झाली असे सांगते, पण हे साल एकोणिसाव्या शतकात आठशेवा वर्धापनदिन साजरा करताना ठरवले गेले. ही सुरुवातीची विद्यापीठे कोणी एका दिवशी स्थापन केलीच नाहीत. ती आधी चालू होती आणि सनदा नंतर आल्या.

पॅरिसला पहिली महत्त्वाची सनद मिळाली १२०० साली, तीही दारूच्या गुत्त्यातल्या भांडणामुळे. एका जर्मन विद्यार्थ्याच्या नोकराला गुत्त्यात मारहाण झाली. विद्यार्थ्यांनी गुत्तेवाल्याला बदडले. मग राजाच्या शहर-अधिकाऱ्याने नागरिकांना घेऊन जर्मनांच्या निवासावर हल्ला केला आणि काही विद्यार्थी मारले गेले. अध्यापकांनी गाऱ्हाणे नेल्यावर राजा फिलिप ऑगस्टसने त्या अधिकाऱ्याला शिक्षा केली आणि विद्यार्थ्यांवरचे खटले चर्चच्या न्यायालयातच चालतील अशी हमी दिली. विद्यार्थी धर्मसंस्थेचे लोक मानले जात, त्यामुळे राजाच्या शिपायाने त्यांच्या अंगावर हात टाकणे आता गुन्हा झाला.

अ‍ॅरिस्टॉटलची कोणती पुस्तके तोवर युरोपात होती? रोममधल्या बोएथियसने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे तर्कशास्त्रावरचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले होते. त्यांतले दोनच छोटे ग्रंथ पुढची सहाशे वर्षे वाचले जात होते. पश्चिम युरोपात ग्रीक वाचणारे फारसे उरले नव्हते. निसर्ग, आकाश, प्राणी, आत्मा, गती यांविषयी अ‍ॅरिस्टॉटलने काय लिहिले आहे हे पॅरिसमधल्या अध्यापकांना माहीत नव्हते. हे ग्रंथ बगदादमध्ये मात्र नवव्या शतकातच ग्रीक आणि सिरियाक भाषांतून अरबीत गेले होते. तिथून कॉर्दोबापर्यंत त्यांच्यावर तीनशे वर्षे भाष्ये लिहिली जात होती.

१०८५ मध्ये कॅस्टिलच्या सहाव्या अल्फोन्सोने तोलेदो जिंकले. शहर ख्रिस्ती राजाकडे आले, पण तिथली ग्रंथालये आणि अरबी बोलणारी माणसे तिथेच राहिली. बाराव्या शतकाच्या मध्यावर इथे भाषांतराचे काम कसे चाले, याचे एक फार मोलाचे वर्णन शिल्लक आहे. इब्न सिनाच्या आत्म्यावरच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराला जोडलेले ते अर्पणपत्र आहे, तोलेदोच्या आर्चबिशपला उद्देशून. लिहिणारा आहे अवेंदाउथ नावाचा ज्यू विद्वान. तो सांगतो की, आपण अरबीतला एकेक शब्द बोलीभाषेत तोंडी सांगत गेलो आणि शेजारी बसलेला दोमिंगो गुंदिसाल्वो हा धर्माधिकारी तो एकेक शब्द लॅटिनमध्ये उतरवत गेला. इराणकडच्या एका मुसलमान वैद्याचा अरबी ग्रंथ, ज्यू माणसाच्या तोंडून स्पॅनिश बोलीत, आणि ख्रिस्ती माणसाच्या लेखणीतून लॅटिनमध्ये. चर्चेच्या वेगाने नव्हे, तर शब्दाशब्दाने हे काम पुढे सरकत होते. म्हणून ती लॅटिन वाक्ये अनेकदा ओबडधोबड आहेत. पण मूळ ग्रंथाची मांडणी त्यांत बरीच शाबूत राहिली.

तोलेदोतला सर्वांत कष्टाळू भाषांतरकार म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड. त्याला टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ हवा होता. तो लॅटिनमध्ये मिळेना, म्हणून तो तोलेदोला आला. तिथे अरबीतली ग्रंथसंपदा पाहून तो अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. ‘अल्माजेस्ट’ ११७५ मध्ये पूर्ण झाला, त्यात गालिप्पुस नावाच्या एका स्थानिक अरबीभाषक ख्रिस्ती माणसाची मदत होती. जेरार्ड स्वतःचे नाव पुस्तकांवर घालत नसे. त्याचे श्रेय दुसऱ्यांना जाऊ नये म्हणून त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मृत्यूनंतर यादी केली, तीत सत्तरच्या आसपास ग्रंथ आहेत. युक्लिडची भूमिती, अल्-ख्वारिझ्मीचे बीजगणित, इब्न सिनाचा वैद्यकावरचा प्रचंड ‘कानून’ आणि अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक चार ग्रंथ.

सगळा अ‍ॅरिस्टॉटल अरबीतूनच आला, असा समज पुष्कळदा दिसतो. तो बरोबर नाही. व्हेनिसच्या जेम्सने ११२५ ते ११५० च्या दरम्यान ‘फिजिक्स’ आणि आत्म्यावरचा ग्रंथ थेट ग्रीकमधून आणला होता आणि पॅरिसमध्ये तीच भाषांतरे जास्त वापरात राहिली. पण नुसता मजकूर हाती येऊन भागत नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलचे गद्य अतिशय आखडते. बऱ्याच ठिकाणी ते शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांसारखे आहे. ते उलगडून सांगणारा कोणीतरी हवा होता, आणि तो अरबीतूनच मिळाला. आधी इब्न सिना, मग कॉर्दोबाचा इब्न रुश्द. इब्न रुश्द ११९८ मध्ये वारला आणि १२३० च्या सुमारास त्याची भाष्ये लॅटिनमध्ये पॅरिसला पोचली होती. मायकल स्कॉट या भाषांतरकाराचे हे मोठे काम. पॅरिसमध्ये पुढे ‘भाष्यकार’ एवढेच म्हटले की तो इब्न रुश्द असे समजले जाई.

मिश्रण किती गुंतागुंतीचे होते, ते हवामान आणि पृथ्वीवरच्या घडामोडींविषयीच्या ‘मेटेऑरोलॉजी’ या एकाच ग्रंथावरून दिसते. त्याचे पहिले तीन भाग जेरार्डने अरबीतून केले. चौथा भाग सिसिलीतल्या हेन्री अरिस्टिप्पसने ग्रीकमधून केला. शेवटी खनिजे आणि डोंगर कसे तयार होतात यावरचा एक तुकडा जोडलेला होता. तो सारशेलच्या आल्फ्रेड या इंग्रज माणसाने इब्न सिनाच्या ग्रंथातून उचलून लॅटिनमध्ये आणला होता. विद्यार्थ्याच्या हातात येई ते एकच पुस्तक, आणि पुष्कळ जण ते अथपासून इतिपर्यंत अ‍ॅरिस्टॉटलचेच समजत.

१२१० च्या बंदीकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. बिशपांना काळजी होती ती काही ठरावीक विधानांची. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की जग अनादी आहे. ख्रिस्ती धर्म म्हणतो की ईश्वराने ते विशिष्ट क्षणी शून्यातून निर्माण केले. व्यक्तीचा आत्मा मृत्यूनंतर टिकतो का, याचे अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर संदिग्ध आहे, आणि इब्न रुश्दच्या भाष्यानुसार तर सगळ्या मानवजातीत मिळून एकच बुद्धी आहे. मग मेल्यावर पाप-पुण्याचा हिशोब कोणाचा? १२१५ मध्ये पोपचे प्रतिनिधी रॉबर्ट द कूर्सों यांनी पॅरिससाठी जे नियम केले, त्यांत ही बंदी पुन्हा आली. तर्कशास्त्र मात्र जुने-नवे सगळे शिकवा, असे त्यांनी सांगितले. त्याच नियमांत वयाच्या अटीही आहेत. कलाशाखेत शिकवणारा एकवीस वर्षांपेक्षा लहान नसावा आणि त्याने किमान सहा वर्षे शिक्षण घेतलेले असावे. धर्मशास्त्र शिकवायला मात्र पस्तिशी गाठलेली असावी.

बंदीत दोन मोठ्या फटी होत्या. ती फक्त पॅरिसला लागू होती, आणि ती शिकवण्यावर होती. खोलीत बसून वाचायला मनाई नव्हती. ऑक्सफर्डमध्ये तर हे ग्रंथ शिकवायलाही आडकाठी नव्हती.

१२२९ च्या लेंटपूर्वीच्या उत्सवात सेंट मार्सेल या उपनगरात काही विद्यार्थ्यांना गुत्त्यात चांगली दारू मिळाली आणि पैशांवरून वाद झाला. स्थानिक लोकांनी त्यांना चोपून हाकलले. दुसऱ्या दिवशी ते तलवारी आणि दंडुके घेऊन साथीदारांसह परतले. त्यांनी गुत्ता फोडला, दारू जमिनीवर ओतली आणि रस्त्यात दिसेल त्याला मारले. राज्यकारभार पाहणारी राजमाता ब्लांश हिने शिक्षेचा हुकूम दिला. शिपायांनी गाठले ते मात्र शहराच्या तटाबाहेर खेळत असलेल्या भलत्याच विद्यार्थ्यांना, आणि त्यांतले काही ठार झाले. संघाने अध्यापन बंद केले. दाद मिळेना तेव्हा सहा वर्षे पॅरिसमध्ये शिकवायचे नाही असा ठराव करून अध्यापक आणि विद्यार्थी शहर सोडून गेले. इमारती नसल्याचा फायदा इथे दिसतो, कारण मागे ठेवण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हतेच. इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने त्यांना आपल्याकडे बोलावले. नुकत्याच सुरू झालेल्या तुलूझच्या विद्यापीठाने पत्रक काढून जाहिरात केली. त्यात स्पष्ट म्हटले होते की, पॅरिसमध्ये बंदी असलेले निसर्गविषयक ग्रंथ इथे ऐकायला मिळतील. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर विद्यार्थी येतात, हे तोवर सगळ्यांना कळले होते.

पॅरिसमधल्या घरमालकांना, गुत्तेवाल्यांना आणि लेखनिकांना या स्थलांतराची झळ बसली. शेवटी पोप नववा ग्रेगरी मध्ये पडला. १३ एप्रिल १२३१ च्या त्याच्या आज्ञापत्राने संघाला आपले नियम करण्याचा आणि न्याय न मिळाल्यास अध्यापन थांबवण्याचा हक्क दिला. संपाचा हक्क लेखी मिळाला. ग्रंथांबाबत पोपने लिहिले की, ते तपासून चुकांच्या संशयापासून शुद्ध होईपर्यंत वापरू नयेत. शुद्धीकरणासाठी तिघांची समिती नेमली. तिचे प्रमुख ओसेरचे विल्यम त्याच वर्षी वारले आणि समितीने काही काम केल्याचे दिसत नाही. बंदी कागदावर राहिली. १२४० च्या दशकात इंग्लंडचा रॉजर बेकन पॅरिसमध्ये येऊन ‘फिजिक्स’ आणि ‘मेटाफिजिक्स’ उघडपणे शिकवत होता.

ही पुस्तके शिकत असत चौदा-पंधरा वर्षांची मुले. कलाशाखा ही पहिली पायरी. ती पार केल्यावरच धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक. पॅरिसमधली कलाशाखा चार प्रादेशिक गटांत विभागलेली होती : फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्लिश. शेवटच्या गटात जर्मन आणि स्कँडिनेव्हियन मुलेही येत. वर्ग भरत डाव्या काठावरच्या फुआर गल्लीत. मुले जमिनीवर पसरलेल्या गवताच्या पेंढ्यावर बसत. त्यांनी बाकांवर न बसता जमिनीवरच बसावे, म्हणजे गर्व चढणार नाही, असा नियम १३६६ मध्येही पुन्हा सांगावा लागला. अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल हे विषय नावाला होते, पण वेळ सगळा तर्कशास्त्रात जाई. गणितात साक्रोबोस्कोची छोटी पुस्तके चालत. त्यांतले एक भारतातून अरबांमार्फत आलेल्या, शून्यासह दहा अंकांनी आकडेमोड कशी करायची ते शिकवणारे होते.

प्रत्येकाजवळ पुस्तक असणे अवघड होते, कारण चर्मपत्र महाग आणि नक्कल करायला महिने लागत. तेराव्या शतकात यावर एक युक्ती निघाली. विद्यापीठाच्या देखरेखीखालचा पुस्तकविक्रेता तपासलेली प्रत सुट्या भागांत ठेवी, एकेक भाग साधारण चार पानांचा. विद्यार्थी किंवा लेखनिक एक भाग भाड्याने नेई, उतरवून परत करी आणि पुढचा नेई. त्यामुळे एकाच वेळी वीस जण एकाच पुस्तकाची नक्कल करू शकत. भाड्याचे दर विद्यापीठ ठरवून जाहीर करी. ज्याला हेही परवडत नसे त्याला वाटे की मास्तरांनी सावकाश, उतरवून घेता येईल असे सांगावे. १३५५ मध्ये कलाशाखेने अशा लेखन सांगण्यावर बंदी घातली आणि बोलण्याच्या वेगानेच शिकवायचे ठरवले. विरोध म्हणून ओरडणाऱ्या, शिट्ट्या घालणाऱ्या किंवा दगड मारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षाही त्याच नियमात आहे.

१२५५ चे वेळापत्रक याच शाखेचे. काही अध्यापक ग्रंथाचा आकार आणि अवघडपणा न पाहता भराभर संपवतात, अशी तक्रार करून ते सुरू होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याला बहिष्काराचा धाक होता, तो मजकूर आता घाईने उरकला जातो अशी चिंता संघाला पडली होती. ‘फिजिक्स’, ‘मेटाफिजिक्स’ आणि प्राण्यांवरचा ग्रंथ यांना ऑक्टोबरपासून जूनअखेरच्या सेंट जॉनच्या सणापर्यंतचा काळ दिला. वनस्पतींवरच्या ग्रंथाला पाच आठवडे, स्मृतीवरच्या छोट्या प्रकरणाला दोन, ‘कारणांचे पुस्तक’ या ग्रंथाला सात आठवडे. यांतला वनस्पतींवरचा ग्रंथ अ‍ॅरिस्टॉटलचा नाही, तो दमास्कसच्या निकोलसचा आहे. ‘कारणांचे पुस्तक’ही त्याचे नाही, आणि ते कसे उघडकीला आले ती हकीकत भाषांतराचेच काम दाखवते. १२६८ मध्ये मॉर्बेकेच्या विल्यमने प्रॉक्लस या ग्रीक तत्त्वज्ञाचा एक ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. थॉमस अक्वायनसने तो वाचला आणि त्याच्या लक्षात आले की ‘कारणांचे पुस्तक’ हे प्रॉक्लसमधूनच अरबीत उतरवलेले आहे. दोन भाषांतरे शेजारी ठेवून केलेली ही ओळख आजही बरोबर मानली जाते.

ग्रंथ वाचून दाखवणे आणि समजावणे हा शिक्षणाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे वादसभा. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त असतो, जवळपास तीच तिची रचना होती. प्रश्न मांडायचा, एका बाजूची सगळी कारणे द्यायची, मग विरुद्ध बाजूचे एखादे वजनदार वचन, मग अध्यापकाचा निर्णय, आणि शेवटी सुरुवातीच्या प्रत्येक कारणाला स्वतंत्र उत्तर. पदवी घेताना विद्यार्थ्याला लेंटच्या दिवसांत अशा सभेत स्वतः निर्णय द्यावा लागे.

जग अनादी आहे का, हा तिथला खराखुरा तापलेला प्रश्न. फ्रान्सिस्कन पंथाचा बोनाव्हेंचर म्हणे की ते अनादी असूच शकत नाही आणि हे तर्काने सिद्ध होते. जगाला सुरुवात नसेल तर आजवर अनंत दिवस होऊन गेले. अनंत दिवस ओलांडून संपवता येत नाहीत. मग आजचा दिवस उगवलाच कसा? अक्वायनसने याला उत्तर दिले की, ओलांडणे हे नेहमी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असते. मागचा कोणताही दिवस निवडा, तिथून आजपर्यंतचे दिवस मोजता येण्याइतकेच निघतात. अनंत अंतरावरचा असा कोणता दिवस नाहीच. म्हणून सुरुवात होती हे तर्काने सिद्ध होत नाही, नव्हती हेही होत नाही, आपण ते श्रद्धेने मानतो. कलाशाखेतला डेन्मार्कचा बोएथियस आणखी पुढे गेला. निसर्गाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने प्रत्येक गतीच्या आधी दुसरी गती असते, म्हणून त्या नात्याने त्याला पहिली गती मान्य करता येत नाही. श्रद्धा सांगते ते सत्यच आहे, पण ते या शास्त्राच्या तत्त्वांतून निघत नाही. एखादे शास्त्र आपल्या गृहीतांपुरतेच बोलते, ही फार नेमकी जाणीव त्यात आहे आणि ती तेव्हा धोक्याची होती.

कलाशाखेनेच १२७२ मध्ये नियम केला की आपल्या अध्यापकांनी निव्वळ धर्मशास्त्रीय प्रश्नांचा निर्णय देऊ नये. तरी वाद शमला नाही. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने २१९ विधानांची यादी काढून ती शिकवणाऱ्याला बहिष्कृत करण्याची ताकीद दिली. पोपने केवळ चौकशी करायला सांगितले होते, बिशपने थेट निषेध केला. यादीतली काही विधाने अक्वायनसच्या मतांनाही स्पर्श करत होती. तो तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला वारला होता. पुढे १३२३ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि १३२५ मध्ये पॅरिसच्या बिशपने त्याच्यापुरता निषेध मागे घेतला.

मात्र १२१० सारखी पुस्तकांवर बंदी आता कोणी घातली नाही. ती घालणे शक्यच नव्हते, कारण पदव्या, परीक्षा, फी, पुस्तकांच्या नकलांचा धंदा हे सगळे त्याच पुस्तकांवर उभे होते. निषेध झाला तो एकेका विधानाचा. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते निर्वात पोकळी अशक्य. म्हणून ईश्वरही आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण मागे पोकळी राहील, असे कोणी म्हणत असे. हे म्हणायला यादीने मनाई केली. त्यामुळे पोकळी असती तर काय झाले असते, दुसरी जगे असती तर तिथे दगड कोणत्या दिशेने पडला असता, हे प्रश्न वादसभेत मोकळेपणाने आले. या निषेधातूनच आधुनिक विज्ञान जन्मले, असा दावा फ्रेंच इतिहासकार पिएर द्युएमने केला होता. तो फार ताणलेला आहे. पण चौदाव्या शतकातले पॅरिसचे अध्यापक अ‍ॅरिस्टॉटलला त्याच्याच पद्धतीने प्रश्न विचारू लागले, हे खरे.

त्यांपैकी निकोल ओरेम याला राजा पाचवा चार्ल्स याने अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ फ्रेंचमध्ये आणायला सांगितले. लॅटिन न येणाऱ्या दरबारी मंडळींना ते वाचता यावेत, हा हेतू. आकाशावरच्या ग्रंथाचे भाषांतर १३७७ मध्ये पूर्ण झाले. त्याला जोडलेल्या टीकेत ओरेमने विचारले आहे की, आकाश फिरत नसून पृथ्वीच रोज स्वतःभोवती फिरत असेल तर? सरळ वर सोडलेला बाण मागे पडायला हवा, हा जुना आक्षेप. त्यावर ओरेम म्हणतो की, चालत्या जहाजावर कोणी डोलकाठीला लागून हात सरळ खाली आणला, तर त्याला तो सरळच खाली आल्यासारखा वाटतो, कारण जहाजाची गती हातालाही असते. बाणाचेही तसेच. अनुभवाने किंवा तर्काने याचा निकाल लावता येत नाही असे दाखवून, पृथ्वी स्थिरच आहे असे आपण मानतो, असे तो शेवटी लिहितो. हे काम चालू असतानाच राजाने आपल्याला लिज्यूचा बिशप केले, अशी नोंदही त्याने ग्रंथाच्या अखेरीस केली आहे.